तीन जावांचं अकरा तोळे सोनं

मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. वर्गात पंचवीस वर्षं ताळेबंद शिकवून माणसाला जी एक घमेंड येते, ती माझ्यात पुरेपूर आहे. घरातल्या कुणीही पैशाचा विषय काढला की मी वही नाहीतर लॅपटॉप उघडते. आमचे हे म्हणतात, तुला कुणी विचारलंय का? विचारलेलं नसतं. तरी मी सांगते.

आम्ही तिघी जावा. मोठी वहिनी पापडीजवळच्या आमच्या जुन्या वाडीत राहते. केळी, मोगरा, चाफा आणि थोडा पानवेल अजून तीच सांभाळते. तिचे यजमान, आमचे थोरले भावजी, गेल्यानंतर वाडीची सगळी कामं तिनेच ओढली. मी मधली, वसईत फ्लॅटमध्ये. धाकटी विरारला चंदनसारला. तिचे यजमान, म्हणजे माझे धाकटे दीर, टेम्पोतून फुलं दादरला नेतात. वहिनीचं माहेर चिंचोटीकडचं भातशेतीचं. चाळीस वर्षं आमच्यात राहूनही तिने बोलण्यातला माहेरचा ‘न’ सोडला नाही. पाणी तिच्याकडे पानीच राहिलं. शाळा सातवीपर्यंत. माझ्या पहिल्या वर्षांत मला वाटायचं, हिला मी काय काय शिकवीन. आज आठवलं की कान गरम होतात.

वाडीचा रस्त्याकडचा कोपरा रुंदीकरणात गेला आणि तिन्ही घरांना पैसे मिळाले, तेव्हा माझ्या अंगात वारं शिरलं. तिघींची गुंतवणूक मी ठरवणार असं मीच जाहीर केलं. एवढी मुदत ठेव, एवढे म्युच्युअल फंड, आणि दहा-पंधरा टक्के सोनं. सोनं थोडं असावं, फार नको, असं माझं ठाम मत. बाजार आपटला तर सोनं सावरतं, म्हणून ठेवायचं. पण तेच तेच भरून ठेवायचं नाही.

मग मी एकेकीच्या स्वयंपाकघरात बसून शीट बनवलं. तीन घरं, तीन वेगवेगळे रविवार, तीन फाइली. प्रत्येक ठिकाणी मी विचारलं, सोनं किती?

आता सेटबद्दल सांगायला हवं. सासूबाईंचा एक चंद्रहार आणि दोन तोडे, मिळून अकरा तोळे. आम्ही त्याला सेट म्हणतो. तो वहिनीच्या लॉकरमध्ये असतो, पण तो एकट्या वहिनीचा नाही. भावकीतल्या कुठल्याही घरात मुलीचं लग्न ठरलं की नवरी हाच सेट घालून उभी राहते. जाताना सराफाकडे वजन करून चिठ्ठी डबीत ठेवायची, परत येताना पुन्हा वजन. परत करणारी बाई सोबत नारळ आणि विड्याची पानं आणते. आणि एक रीत फार कडक पाळतात: सेट मागायचा नाही. लग्नघरच्या बाईने यायचं, लग्न ठरल्याचं सांगायचं, चहा घ्यायचा. ज्याच्याकडे सोनं आहे त्याने आपणहून म्हणायचं, सेट घेऊन जा हो. मागणं हलकं समजतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं नाटक वाटलं होतं. सरळ मागून मोकळं व्हावं ना!

तर सोनं किती, असं विचारल्यावर प्रत्येकीने काय सांगितलं? धाकटी म्हणाली, “ताई, आपला सेट आहे की. बाकी माझं मंगळसूत्र आणि चार बांगड्या.” मी लिहिलं, अकरा तोळे. माझ्या स्वतःच्या शीटमध्ये मी विचारही न करता लिहून टाकलं होतं, सेट, अकरा तोळे. आमच्या घरात ‘आपला सेट’ हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की त्यातला ‘आपला’ म्हणजे कोण, हे कुणी तपासत नाही. तीन फाइली कधी शेजारी शेजारी उघडल्याच नाहीत. विद्यार्थ्याने एकच मालमत्ता तीन ताळेबंदांत धरली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

वहिनी तेवढी म्हणाली, “सेट लिवू नको.”

“का? तुमच्याच लॉकरमध्ये आहे.”

“ते सोनं नाय, ते लगीन हाय. लोकांच्या पोरींचं. त्याच्यावर माझा हिशेब कशाला?”

मी हसले आणि तरीही लिहिलं. भावनेच्या भरात माणसं मालमत्ता लपवतात, असं काहीतरी मनात आलं असणार. वहिनीचा सोन्याचा रकाना भरून वाहत होता. म्हणून मी सल्ला दिला की आता आणखी सोनं घेऊ नका. तिने मान हलवली. तिची मान हलवणं म्हणजे ऐकलं, एवढंच. पटलं असा त्याचा अर्थ नसतो.

त्याच सुमारास तिची माहेरची एक पाटली मधोमध तडकली. ती मोडून नवीन करायची का ठेवायची, हे बघायला आम्ही दोघी सराफाकडे गेलो. सराफ सरळ माणूस, पिढ्यान्पिढ्या आमच्या घराला ओळखणारा. त्याने पाटली यंत्रावर ठेवली, शुद्धता दाखवली. जुना दागिना, हॉलमार्क नाही, सांध्यांना डाग देऊन जोडलेला. बावीस कॅरेट समजत होतो ते वीसच्याही खाली भरलं. वजनात घट धरून त्याने आकडा सांगितला.

वहिनी म्हणाली, “करताना मजुरी दिलेली. ती कुठं गेली?”

“मजुरी कारागिराची, वहिनी. ती परत कशी येणार?”

“नवीन केली तर?”

त्याने कागदावर मांडून दाखवलं. आजचा भाव, वर बारा टक्के घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. हॉलमार्क असल्यामुळे पुढे मोडताना शुद्धतेचा वाद होणार नाही, पण घडणावळ आणि कर गेलेच. वहिनीने तो कागद घडी करून कमरेला खोचला. बाहेर आल्यावर म्हणाली, “म्हंजे हे घालायला घ्यायचं. ठेवायला घ्यायचं नाय.” मी चार वर्गांना अर्धा तास खडू झिजवून जे सांगते, ते तिने सराफाच्या पायरीवर एका वाक्यात उरकलं.

पाटली मोडून आलेले पैसे घेऊन ती दुसऱ्याच आठवड्यात बँकेत गेली. तेव्हा सरकारचे गोल्ड बॉण्ड निघत होते. मला कळलं तेव्हा मी चिडलेच. मी म्हटलं ना, तुमचं सोनं जास्त झालंय! ती म्हणाली, “तुझ्या कागदावर झालंय.” आणि मला सोबत घेऊन पुन्हा बँकेत गेली, फॉर्म मराठीत समजून घ्यायला. मला वाटलं, चला, निदान माझ्या ज्ञानाचा उपयोग होतोय. प्रत्यक्षात तिने मला बाकड्यावर बसवलं आणि सगळे प्रश्न स्वतः विचारले.

आठ वर्षांनी काय देणार, सोनं का रुपये? रुपये, अधिकाऱ्याने सांगितलं. मुदत संपण्याआधीच्या तीन दिवसांच्या शुद्ध सोन्याच्या भावाची सरासरी काढून. मधे काय? घेतलेल्या किमतीवर वर्षाला अडीच टक्के व्याज, सहा महिन्यांनी खात्यात. त्या व्याजावर कर लागेल, पण मुदत पुरी केली तर भाववाढीवर कर नाही. मधेच लागले तर? पाच वर्षं झाल्यावर, तेही व्याजाच्या तारखेलाच, आणि आधी अर्ज करून. भाव पडला तर?

“पडला तर पडला, मावशी. सरकार ग्रॅम सांभाळतं. भाव सांभाळत नाही,” अधिकारी म्हणाला.

वहिनीला हे उत्तर फार आवडलं. घरी येताना दोनदा म्हणाली, पोरगा खरं बोलला. मग जेव्हा जेव्हा बॉण्डची नवी मालिका निघाली, तेव्हा तेव्हा मोगऱ्याच्या हंगामाच्या पैशांतून तिने दोन ग्रॅम, चार ग्रॅम, कधी पाच ग्रॅम घेतले. कागदी प्रमाणपत्रं, डीमॅट नाही. मी म्हटलं डीमॅट करा, बाजारात विकता येतील. ती म्हणाली, “इकायचेत कुठं?” प्रमाणपत्रं पिवळ्या फायलीत, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं, हे कशासाठी. एकावर ‘विहिरीचा पंप’, एकावर ‘म्हातारपन’. भिंग घेऊन तिने मागचा बारीक मजकूरही वाचलेला. मी माझ्या पॉलिसीचा बारीक मजकूर आजवर वाचलेला नाही, हे इथेच कबूल करून टाकते.

माझं काय? मी गोल्ड फंड घेतला. लेकीच्या लग्नासाठी. दागिना आत्ता करून ठेवायचा, मग पंधरा वर्षांनी ती म्हणणार हे डिझाइन कोण घालतं. पुन्हा मोडा, पुन्हा घडणावळ. त्यापेक्षा महिन्याला दोन हजारांची एसआयपी. डीमॅट लागत नाही, तिजोरी लागत नाही. फंडाचा खर्च दोनदा बसतो, एकदा फंडाचा आणि एकदा तो ज्या ईटीएफमध्ये पैसे घालतो त्याचा, पण थोडा असतो. पगार वाढला तशी मी रक्कम वाढवत गेले. अंगावर मंगळसूत्र आणि कानातलं सोडलं तर माझ्याकडे दागिने नाहीत, हे मी लग्नासमारंभात मोठ्या तोऱ्यात सांगायचे. सोन्याचा भाव चढत गेला तसा तोरा आणखी वाढला. सणावाराला जमलो की मी मोबाइल काढून दाखवायचे, बघा, किती झाले.

धाकटीलाही बॉण्ड घ्यायचे होते. वाडीच्या पैशांतले लाखभर तिने लेकीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते. तिने मला फोन केला, ताई, घेऊ का? मी तिचं शीट उघडलं. सोन्याच्या रकान्यात अकरा तोळे आणि बांगड्या. म्हटलं, “अगं, तुझं सोनं आधीच चाळीस टक्के आहे. आणखी घेतलंस तर सगळी अंडी सोन्याचीच होतील.” माझ्याच विनोदावर मी हसले. तिने ऐकलं. लाख रुपये टेम्पोच्या इंजिनात गेले. पुढे सरकारने नवे बॉण्ड काढणंच बंद केलं. आता कुणाचे जुने घ्यायचे तर शेअर बाजारात, तेही मिळतील तेवढेच आणि बहुतेकदा चढ्या भावाने.

गेल्या साली तिच्या मुलीला पुण्याला फिजिओथेरपीच्या खाजगी कॉलेजात दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. आमच्या भावकीतली ही पहिली मुलगी, जी रुग्णाचा हात धरून त्याला चालायला शिकवणार. फी पुढच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत भरायची, नाहीतर जागा पुढच्याला. शैक्षणिक कर्जाला तीन आठवडे लागणार होते. धाकटीच्या बांगड्या टेम्पोसाठी आधीच पतपेढीत गहाण होत्या. जमवाजमव करून तीन लाख कमी पडत होते.

त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, बुधवारी संध्याकाळी, ती वाडीवर आली. मीही होते, लॅपटॉपसकट, कर्जाचे फॉर्म भरून द्यायला. ती वहिनीला म्हणाली, “वहिनी, मी कधी मागितलं नसतं. पण ताईंच्या शीटमध्ये सेट माझ्या नावावर आहे ना. त्यातलं माझं थोडं मोडूया का? तीन तोळे.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे. तिघींच्या फाइली त्या दिवशी पहिल्यांदा एका पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या. अकरा, अकरा, अकरा. तेहेतीस तोळे सोनं होतं आमच्याकडे, कागदावर.

“हे तीन सेट कुठं हायत?” वहिनीने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

मी सांगितलं. चूक माझी. एकच सेट तिघींत धरला, आणि म्हणून धाकटीला बॉण्ड घेऊ दिले नाहीत. मला वाटलं धाकटी रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, “असू द्या, ताई. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही.” हे ऐकणं भांडणापेक्षा वाईट होतं.

वहिनी म्हणाली, “सेट मोडता येनार नाय. पुढच्या महिन्यात पलीकडच्या वाडीतली पोरगी घालनार हाय, मी तिच्या आईला सांगून बसलेय. आनि तो आपला नायच.” मग उठून तिने पिवळी फाइल आणली आणि भिंगाखाली एकेक प्रमाणपत्र पाहू लागली. पहिल्या दोन बॉण्डांना पाच वर्षं होऊन गेली होती, पण त्यांची व्याजाची तारीख चार महिन्यांनंतरची. बाजारात विकायचे तर आधी डीमॅट, त्याला आठवडे. धाकटी तिच्या बोटाकडे बघत होती.

“यांच्यावर कर्ज मिळतं,” वहिनी म्हणाली. “मागे लिवलंय. उद्या सकाळी बँकेत जाऊ.”

आता खरं सांगायचं तर माझ्या गोल्ड फंडात त्या दिवशी सहा लाखांवर होते. वहिनीला ते माहीत होतं. मीच गणपतीत मोबाइल नाचवून दाखवलं होतं, दुपारी तीनच्या आत विकले की कामाच्या तिसऱ्या दिवशी पैसे येतात हेही सांगितलं होतं. धाकटीलाही माहीत होतं. त्या खोलीतल्या तिघींना माहीत होतं आणि तिघींपैकी कुणीही ते बोललं नाही. दोघी बोलल्या नाहीत कारण त्यांना रीत होती. मी बोलले नाही कारण मला लेकीचं लग्न दिसत होतं, पुढच्या मेमध्ये करायचं योजलेलं, आणि भाव अजून चढेल असं वाटत होतं, आणि युनिट विकले की नफ्यावर साडेबारा टक्के कर बसेल हेही डोक्यात फिरत होतं. चूक माझी असं म्हणून झालं होतं, तेवढ्याने भागलं असं मी स्वतःला समजावत होते.

गुरुवारी बँकेत गर्दी होती. शुक्रवारी सुट्टी, मग शनिवार-रविवार, म्हणून सगळे आजच आले होते. टोकन घेऊन आम्ही दोघी बसलो. धाकटी पुण्याच्या कॉलेजात मुदत वाढवून मिळते का ते फोनवर विचारत बाहेर उभी होती. दीड वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. नवी अधिकारी होती, तरुण, नम्र. तिने प्रमाणपत्रं पाहिली, परिपत्रक काढून वाचलं.

“मावशी, तुमचं बरोबर आहे. यावर कर्ज देता येतं, सोन्याच्या कर्जासारखंच. पण बोजा नोंदवायला वरच्या ऑफिसला पाठवावं लागेल. आमच्या शाखेत आजवर कुणी केलेलं नाही. आठ-दहा दिवस धरा.”

“बुधवार?”

“नाही होणार.”

वहिनीने प्रमाणपत्रं पुन्हा क्रमाने लावली. वाद घातला नाही, विनवणी केली नाही. तिने त्या मुलीला विचारलं, “मग अर्ज तर घेऊन ठेवा. दुसऱ्या सालची फी हाय, तिसऱ्याची हाय. पुन्हा धावपळ नको.” आणि तिथेच बसून अर्ज भरायला घेतला. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एकेका वर्षासाठी कुठला बॉण्ड, हे ती पेन्सिलीने प्रमाणपत्रांच्या कोपऱ्यात लिहीत होती. ‘म्हातारपन’ लिहिलेल्यावर तिने रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘पोरीचं दुसरं साल’.

ते ‘म्हातारपन’ खोडताना मी पाहिलं. तिचा हात थांबला नाही. ती काही मोठं करतेय असा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. मला त्या क्षणी स्वतःची जी लाज वाटली ती शब्दांत सांगायची तर, मी त्या बाकड्यावर कॉलेजातली प्राध्यापिका म्हणून बसले होते आणि उठले ती नापास होऊन.

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. फंडाचे युनिट विकायची विनंती तीनच्या आत गेली तर आजचा भाव, आणि कामाचे तीन दिवस मोजले तर सोमवार, मंगळवार, बुधवार. तीननंतर गेली तर सोमवारचा भाव आणि मंगळवारपासून मोजणी, म्हणजे पैसे गुरुवारी. मी मोबाइल काढला. बँकेतलं नेटवर्क एरवी कसं असतं ते वसईकरांना सांगायला नको. दोनदा ओटीपी आलाच नाही. मी उठून दाराशी गेले, धाकटीच्या शेजारी उभी राहिले. तिने विचारलं, काय करताय ताई? म्हटलं, थांब जरा. तिसऱ्यांदा ओटीपी आला. तीन लाखांचे युनिट परत, विनंती नोंदवली. अडीचला चार मिनिटं कमी होती.

धाकटीला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आतून वहिनी पिशवी सावरत आली. मी म्हटलं, “वहिनी, झालं. फंडातले काढले. बुधवारपर्यंत येतील.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि रिक्षा बघायला लागली.

बुधवारी दुपारी पैसे खात्यात आले आणि चारच्या आत फी भरली. मुलगी आता पुण्यात आहे, आणि मला फोन करून माझ्याच गुडघ्यांबद्दल उपदेश करते. हे खानदानी दिसतंय.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघी वाडीवर बसलो आणि शीट नव्याने केलं. या वेळी वहिनी सांगत होती आणि मी लिहीत होते. सेट तिन्ही फाइलींतून काढला. वहिनीचे बॉण्ड मुदतीपर्यंत तसेच ठेवायचे, कारण स्वतः घेतलेले आणि शेवटपर्यंत ठेवलेले असले तरच करमाफी. फीसाठी लागलंच तर त्यांच्यावर कर्ज. धाकटीने माझ्या सल्ल्याने, आणि या वेळी वहिनीची मान हलल्यावर, गोल्ड फंडात हजार रुपयांची एसआयपी सुरू केली, अडीनडीला चार दिवसांत हाताशी यावेत म्हणून. माझे तीन लाख परत कसे करायचे, हा विषय धाकटीने काढला. मी नको म्हटलं. वहिनी म्हणाली, “नको कसं? पन रुपयांत नाय. जेवढ्या ग्रॅमचे काढलेस तेवढे ग्रॅम. सेट आपन वजनावर देतो, वजनावर घेतो.” धाकटीने लगेच होकार दिला, भाव वाढला तर तिला जास्त पडेल हे तिला कळत होतं. मी मोजून सांगितलं, फंडाच्या त्या रकमेत साधारण किती ग्रॅम बसले. तेवढं मात्र बरोबर मोजलं. तो आकडा वहिनीने पिवळ्या फायलीत लिहून ठेवला.

लेकीच्या लग्नाचं सोनं मी कमी करून टाकलं. उरलेल्या फंडातून बांगड्या आणि एक हार होईल, तिलाही तेवढंच हवं होतं. लग्न ठरल्याचं सांगायला मी रीतीप्रमाणे वाडीवर गेले, चहा घेतला, आणि वहिनी म्हणाली, सेट घेऊन जा हो. जन्मात पहिल्यांदा मला त्या नाटकाचा अर्थ लागला. घरातल्याच बाईपुढे मी अवघडून बसले होते, आणि ती मला मागायला लावत नव्हती.

निघताना मी तिला विचारलंच. खूप दिवस मनात होतं. “वहिनी, त्या दिवशी बँकेत तुम्हाला माहीत होतं ना माझ्याकडे आहेत ते? मग बोलला का नाहीत?”

ती चाफ्याची फुलं टोपलीत निवडत होती.

“तुझे होते. तू देनार का नाय ते तुझं.”

“आणि मी दिले नसते तर?”

“तीन वाजेपत्तुर तुझ्या फंडाची मुदत होती,” ती म्हणाली. “पावनेतीनला मागनार होते. जन्मात कोनाकडं सोनं मागितलं नाय. त्या दिवशी मागितलं असतं.”

तिने एक किडकं फूल बाजूला टाकलं आणि पुढचं हातात घेतलं.

“तू वीस मिनटं आधी उठलीस,” ती म्हणाली. “बरं वाटलं मला.”